एकाच भावाची दोन विमानं, मग तिकीट कोणत्याचं काढायचं? ‘वेळेवर’चे आकडे आणि विमानाचा प्रकार असा वाचा

मोबाईलवर नागपूर ते मुंबई तिकीट शोधलं की एकाखाली एक विमानं दिसतात. दोघांच्या वेळेत अर्ध्या तासाचा फरक, भाड्यात शंभर-दोनशे रुपयांचा. अशा वेळी बहुतेक जण स्वस्त तिकीट काढून मोकळे होतात. मुंबईत नातेवाइकांकडे जायचं असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण त्याच रात्री मुंबईहून परदेशाचं विमान पकडायचं असेल, तर या दोन विमानांतला फरक दोनशे रुपयांचा राहत नाही.

यवतमाळकरांसाठी हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. यवतमाळजवळ भारी इथे धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान नाही. त्यामुळे विमान पकडायचं म्हणजे आधी सुमारे १५० किलोमीटर नागपूर गाठायचं किंवा सुमारे ९० किलोमीटर अमरावती. उमरखेड-पुसदकडच्या लोकांना नांदेडही जवळ पडतं. एवढा रस्ता कापून गेल्यावर विमान चार तास उशिरा आहे असं कळलं, तर घरी परत येऊन पुन्हा जाण्याची सोय नसते.

विमान किती भरवशाचं आहे हे तिकीट काढण्याआधी बऱ्यापैकी तपासता येतं, तेही फुकट. फक्त आकडे कसे वाचायचे हे माहीत हवं, कारण ‘८० टक्के वेळेवर’ हा आकडा वाटतो तितका सरळ नाही.

‘वेळेवर’ म्हणजे नेमकं काय?

विमान क्षेत्रात ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत सुटलेलं किंवा पोचलेलं विमान ‘वेळेवर’ धरतात. याला ऑन-टाइम परफॉर्मन्स किंवा ओटीपी म्हणतात. १४ मिनिटं उशीर झाला तर विमान वेळेवर आणि १६ मिनिटं झाला तर उशिरा. गंमत म्हणजे १६ मिनिटं उशिरा आलेलं आणि चार तास उशिरा आलेलं, ही दोन्ही विमानं या हिशोबात सारखीच. दोघांनाही फक्त ‘उशिरा’ असा एकच शिक्का बसतो.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं. त्यात प्रत्येक कंपनीचा ओटीपी असतो. बातम्यांत ‘अमुक कंपनी सर्वात वक्तशीर’ असं जे येतं, ते बहुतेक वेळा या अहवालातून.

पण हा आकडा मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्या मेट्रो विमानतळांवरून काढलेला असतो. नागपूर, अमरावती, नांदेड त्यात नाहीत. शिवाय तो संपूर्ण कंपनीचा आकडा असतो, एका विशिष्ट विमानाचा नाही. सकाळी सहाचं आणि रात्री दहाचं विमान त्यात एकत्र मिसळलेलं असतं. त्यामुळे कंपन्यांची साधारण तुलना करायला हा अहवाल बरा, पण समोरच्या दोन विमानांतून एक निवडायला तो पुरत नाही. त्यासाठी त्या फ्लाइट नंबरचा स्वतःचा इतिहास बघावा लागतो.

एका फ्लाइट नंबरचा इतिहास कसा बघायचा?

तिकीट शोधताना प्रत्येक विमानापुढे कंपनीची दोन अक्षरं आणि आकडे दिसतात. इंडिगोची अक्षरं `6E`, एअर इंडियाची `AI`. हा पूर्ण नंबर `flightradar24.com` वर शोधला की त्या विमानाच्या मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या तारखेनुसार दिसतात. मोफत वापरात साधारण आठवडाभराच्या फेऱ्या मिळतात. दोन आठवड्यांचे आकडे हवे असतील तर आज एकदा आणि आठवड्याने पुन्हा एकदा टिपून ठेवायचे.

तिथे चार गोष्टींकडे बघायचं. `STD` म्हणजे सुटण्याची ठरलेली वेळ, `ATD` म्हणजे प्रत्यक्ष उडाल्याची वेळ, `STA` म्हणजे पोचण्याची ठरलेली वेळ, आणि `STATUS` मध्ये `Landed` च्या पुढे उतरल्याची वेळ.

इथे पुष्कळ जण फसतात. ठरलेली सुटण्याची वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलण्याची असते, तर `ATD` ही चाकं जमिनीवरून सुटल्याची. मध्ये विमान धावपट्टीपर्यंत सरकत जातं, रांगेत थांबतं. त्यात १०-१५ मिनिटं सहज जातात. म्हणून `ATD` मध्ये १५ मिनिटांचा फरक दिसला तरी विमान कदाचित अगदी वेळेवर निघालेलं असतं. उतरताना याच्या उलट होतं. `Landed` ही चाकं टेकल्याची वेळ आहे, त्यानंतर दार उघडेपर्यंत आणखी काही मिनिटं जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल वेळ धरतात. नागपूर ते मुंबई विमान हवेत साधारण सव्वा तास असतं, पण तिकिटावर दीड तास किंवा त्याहून जास्त वेळ लिहिलेला असतो. त्यामुळे नागपूरहून २० मिनिटं उशिरा सुटलेलं विमान मुंबईत वेळेवर टेकू शकतं. म्हणून तुलना करताना सुटण्यापेक्षा पोचण्याच्या वेळा बघा. पुढचं काम तुम्ही कधी पोचता यावरच अवलंबून असतं.

सरासरी सारखी, तरी जोखीम वेगळी

आता एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही खऱ्या विमानाचे नाहीत.

यवतमाळची एक विद्यार्थिनी शिकायला परदेशी निघाली आहे. तिचं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून रात्री ८:३० ला आहे. नागपूर-मुंबईचं तिकीट ती वेगळं काढणार आहे. तिच्यासमोर दोन पर्याय आहेत. विमान ‘अ’ मुंबईत ५:२० ला पोचतं आणि विमान ‘ब’ ५:३० ला. भाडं जवळपास सारखंच.

तिने दोन्हींचा १४ दिवसांचा पोचण्यातला उशीर मिनिटांत टिपला.

विमान ‘अ’: ०, ५, ०, ४०, १०, ०, ५५, ५, ०, १२, ७०, ०, ८, ३५

विमान ‘ब’: १८, २०, १६, १०, २२, १७, १९, १२, २०, १४, १६, १८, २१, १७

आता ओटीपी काढा. ‘अ’ १४ पैकी १० दिवस १५ मिनिटांच्या आत पोचलं, म्हणजे सुमारे ७१ टक्के. ‘ब’ १४ पैकी फक्त ३ दिवस, म्हणजे सुमारे २१ टक्के. हा एकच आकडा बघितला तर ‘ब’ कडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.

सरासरी काढली तर? दोन्हींच्या उशिराची बेरीज २४० मिनिटं येते, म्हणजे दोघांचाही सरासरी उशीर दिवसाला सुमारे १७ मिनिटं. सरासरीने तर दोन्ही विमानं अगदी सारखी ठरतात.

आता तिचा खरा प्रश्न घ्या. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. काही कंपन्या त्याहून आधी बंद करतात, म्हणून तिकिटावर बघून घ्यायचं. तिचं काउंटर ७:३० ला बंद होणार. मुंबईत टेकल्यावर विमानातून उतरणं, पट्ट्यावरून बॅगा घेणं, आंतरराष्ट्रीय काउंटर गाठणं, या सगळ्याला तिने सव्वा तास धरला. म्हणजे विमान कोणत्याही परिस्थितीत ६:१५ पर्यंत टेकायला हवं.

याचा अर्थ ‘अ’ ला ५५ मिनिटं उशीर चालतो आणि ‘ब’ ला ४५. तिच्यासाठी ‘वेळेवर’ची रेषा हीच आहे, १५ मिनिटांची नाही. या रेषेने मोजलं तर ‘अ’ १४ दिवसांत एकदा ती ओलांडून गेलं, आणि एकदा बरोबर रेषेवर अडकलं. ‘ब’ एकदाही रेषेजवळ आलं नाही. त्याचा सर्वात वाईट दिवस २२ मिनिटांचा. म्हणजे ज्या विमानाचा ओटीपी २१ टक्के आहे, तेच तिच्यासाठी जास्त सुरक्षित आहे.

हेच तिकीट मुंबईत राहायला जाणाऱ्या माणसाला काढायचं असतं, तर उत्तर उलट आलं असतं. त्याला ‘अ’ बरं, कारण बहुतेक दिवस ते वेळेवर नेऊन सोडतं आणि एखाद्या दिवशी तासभर उशीर झाला तरी त्याचं काही अडत नाही. म्हणून टक्केवारी बघण्याआधी स्वतःला विचारायचं की मला किती उशीर परवडतो? मग त्या रेषेपलीकडे विमान किती वेळा गेलं ते मोजायचं. विमान रद्द झालेले दिवसही त्यात धरायला विसरू नका.

अर्थात १४ दिवस म्हणजे फार मोठा पुरावा नाही. खरं तर वेगळ्या तिकिटावर परदेशी जाताना या दोन्हींपेक्षा दुपारी लवकर पोचणारं विमान घ्यावं, किंवा नागपूरपासून परदेशापर्यंत एकच तिकीट काढावं. एकच तिकीट असेल तर पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचं चुकल्यावर पुढची सोय करणं हे कंपनीचं काम असतं. तिकिटं वेगवेगळी असतील तर पुढचं विमान चुकण्याची जबाबदारी सहसा प्रवाशावरच येते.

उशीर येतो कुठून?

‘अ’ काही दिवस चोख आणि काही दिवस तासभर उशिरा का? याचं उत्तर बहुतेक वेळा विमानाच्या आधीच्या फेऱ्यांत असतं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी एखाद्या फेरीला अर्धा तास उशीर झाला की तो पुढच्या फेरीला लागतो, तिथून त्याच्या पुढच्या. डीजीसीएच्या अहवालांत उशिराच्या कारणांमध्ये सर्वात मोठा वाटा या साखळी उशिराचाच असतो.

हे स्वतः तपासता येतं. फ्लाइटच्या इतिहासात विमानाचा नोंदणी क्रमांक दिसतो. भारतीय विमानांचा तो `VT-` ने सुरू होतो. त्यावर क्लिक केलं की ते विमान त्या दिवशी कुठे कुठे फिरून आलं ते दिसतं. नागपूरची फेरी दिवसातली दुसरी असेल तर धोका कमी, सहावी असेल तर जास्त. रात्री नागपुरातच मुक्कामाला असलेलं विमान सकाळी पहिलं निघतं, म्हणून पहाटेची विमानं साधारणपणे वक्तशीर असतात.

यवतमाळहून मात्र पहाटे सहाचं विमान म्हणजे रात्री दीड-दोनला घर सोडणं. ते नको असेल तर सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यानचं विमान शोधा. उशिराची साखळी तोवर फार लांबलेली नसते. संध्याकाळी मुंबईत गर्दीही वाढते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत, आणि गर्दी झाली की विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात.

प्रवासाच्या दिवशीही ही युक्ती कामाला येते. नागपूरहून मुंबईला जाणारं विमान बऱ्याचदा त्याआधी मुंबईहूनच आलेलं असतं. ते मुंबईहून निघालं का, हे कळंब किंवा वर्धा ओलांडताना मोबाईलवर बघता येतं. पण ते उशिरा आहे असं दिसलं म्हणून तुम्ही मात्र उशिरा निघू नका. कंपनी ऐन वेळी दुसरं विमान लावू शकते, आणि काउंटर तर ठरलेल्या वेळेला, सहसा उड्डाणाच्या तासभर आधी, बंद होतं.

विमानाचा प्रकार बघून काय कळतं?

तिकीट शोधताना तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. `A320`, `A321`, `ATR 72`, `E175` अशी नावं दिसतात.

नागपूर-मुंबईवर मुख्यतः एअरबस ए३२० कुटुंबातली विमानं असतात. ए३२० मध्ये साधारण १८० प्रवासी बसतात, तर ए३२१ लांब असल्याने त्यात २०० हून जास्त. दोन्हींची रुंदी तीच, आसनं तशीच तीन-तीन. म्हणजे आरामात फारसा फरक नाही. फरक पडतो उतरताना. दोन्हींत चालायची वाट एकच असते. ए३२१ च्या शेवटच्या रांगांतला प्रवासी पुढच्या दारातून बाहेर पडेपर्यंत १५-२० मिनिटं जाऊ शकतात. पुढचं विमान गाठायचं असेल तर पुढची रांग निवडणं हे प्रकाराच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

खरा फरक आहे तो एटीआर ७२ मध्ये. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली, ती याच विमानाने. हे पंख्याचं विमान आहे. साधारण ७० प्रवासी, आसनं दोन-दोन, म्हणजे मधली अडचणीची जागा नाही. ते छोट्या धावपट्टीवरून उडू शकतं, म्हणून अमरावतीसारख्या १८५० मीटर धावपट्टीच्या विमानतळावर ते चालतं. प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, म्हणून इथे मागची जागा सोयीची. पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या रांगांत आवाज जास्त येतो. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकांची केबिन बॅग दाराशीच काढून घेतली जाऊ शकते. औषधं आणि कागदपत्रं वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा.

वेग जेटपेक्षा बराच कमी, ताशी सुमारे ५०० किलोमीटर. ते जास्तीत जास्त २५,००० फुटांवरून उडतं, जेट विमानं ३५,००० फुटांच्या वर जातात. पावसाळ्यात जेट जे ढग वरून टाळतं, त्यांच्या आजूबाजूने एटीआरला वाट काढावी लागते. त्यामुळे हेलकावे जास्त जाणवतात. पण हेलकावे म्हणजे धोका नव्हे, ती फक्त गैरसोय.

छोट्या विमानतळांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ढग किंवा धुकं असताना वैमानिकाला धावपट्टीपर्यंत आणणारी आयएलएस नावाची यंत्रणा सगळीकडे नसते. ती नसेल तर दिसणं जरा कमी झालं तरी विमान उतरू शकत नाही. धुक्याच्या सकाळी आणि जुलै-ऑगस्टमध्ये याचा फटका बसतो.

रद्द झालं तर पुढचं विमान कधी?

अमरावती की नागपूर, हे ठरवताना सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. अमरावती-मुंबई सेवा सुरू झाली तेव्हा ती आठवड्यातून तीन दिवस होती. समजा सोमवारचं विमान रद्द झालं, तर पुढचं थेट बुधवारी. नागपूरहून मुंबईला रोज अनेक विमानं आहेत आणि ती एकापेक्षा जास्त कंपन्यांची आहेत. एक रद्द झालं तरी त्याच दिवशी दुसऱ्यात जागा मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे ६० किलोमीटर वाचतात म्हणून अमरावती घ्यायचं, हे तारीख पुढेमागे चालणार असेल तरच. ज्या दिवशी पोचायलाच हवं त्या दिवसासाठी नागपूर.

इतिहासातल्या नोंदी सगळंच सांगत नाहीत, हेही खरं. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या कामाच्या तासांचे आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यानंतर इंडिगोचं नियोजन कोलमडलं आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. आधीच्या महिन्यांचा चांगला ओटीपी पाहून तिकीट काढलेल्यांना त्याची चाहूलही लागली नव्हती. अशा दिवशी उपयोगी पडतो तो पर्याय, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं विमान, रेल्वे किंवा हातात राखलेला एक दिवस.

तिकीट काढण्याआधी

दोन विमानांत अडकलात तर आधी विमानतळाचा कोड बघा. मुंबईसाठी आता जुना `BOM` आणि नवी मुंबईचा `NMI` असे दोन विमानतळ आहेत. चुकीचा निवडला तर वाचवलेला अर्धा तास रस्त्यावर जाईल. मग तुम्हाला किती मिनिटं उशीर परवडतो ते लिहून काढा आणि दोन्ही फ्लाइट नंबर दोन आठवडे तपासा. त्या रेषेपलीकडे कमी वेळा गेलेलं विमान घ्या. बरोबरी झालीच तर दिवसातल्या आधीच्या फेरीचं घ्या. विमानाचा प्रकार शेवटी बघा, कारण कंपनीला तो ऐन वेळी बदलता येतो.

एवढं करूनही विमान रखडलंच, तर डीजीसीएचा नियम लक्षात असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या छोट्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातला पर्याय मागता येतो. काउंटरवर तो तुम्हालाच मागावा लागतो.